रडू येते पंगत उठल्यावर

सुखात असलेल्या माणसांना एकाएकी रडू कोसळणे हा प्रकार लग्नात, बऱ्याच दिवसांनी झालेल्या गाठीभेटींत आणि निरोप समारंभात हमखास आढळतो. ज्याला त्याचा नीट अभ्यास करायचा असेल त्याने एप्रिल-मे महिन्यांत भोर किंवा वेल्हे तालुक्यातले एखादे मंगल कार्यालय गाठावे. (वेल्ह्याचे सरकारदरबारी नाव आता राजगड तालुका झाले आहे; एसटीत लोक तिकीट अजून वेल्ह्याचेच मागतात.) तिथे दिसणारे दृश्य तर्काला धरून नसते. ज्या मुलीसाठी घरच्यांनी दोन वर्षे स्थळे पाहिली, पत्रिका जुळवल्या, नवस बोलले, तिला मनासारखे स्थळ मिळालेले असते. मुलगा निर्व्यसनी, शिरवळच्या कंपनीत कायम, घरी चार एकर भातखाचर. आणि हे सगळे पदरात पडल्यावर वडील, आई, दोन्ही आत्या, तीन मावश्या आणि ज्याचा या घराशी नेमका काय संबंध हे कोणालाच सांगता येत नाही असा एक पांढऱ्या टोपीचा म्हातारा, असे सगळे मिळून ढसाढसा रडत असतात.

याचे सर्रास दिले जाणारे उत्तर असे, की आनंद मनात मावेनासा झाला म्हणजे तो डोळ्यांतून वाहतो. म्हणजे भाटघर धरणाच्या स्वयंचलित दरवाज्यांसारखे: पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की दरवाजा आपोआप उघडतो. उत्तर ऐकायला छान आहे, पण निरीक्षणाला टिकत नाही. तसे असते तर आनंद सर्वांत वर चढतो तेव्हा रडू यायला हवे, आणि तो क्षण लग्नाचा नव्हेच. तो असतो मुलाकडून ‘मुलगी पसंत आहे’ असा फोन येतो तेव्हाचा. त्या वेळी घरात कोणीही रडत नाही. आई देवापुढे साखर ठेवते, वडील उगाचच अंगणात फेऱ्या मारतात आणि धाकटा भाऊ पेढे आणायला मोटारसायकलवरून सुटतो. तेव्हा रडण्याचे कारण शोधायचे, तर किती आनंद झाला हे न मोजता रडू नेमके कधी आले हे पाहावे लागते.

त्याआधी पाण्याची थोडी माहिती हवी. डोळ्याच्या वरच्या पापणीआड, बाहेरच्या कोपऱ्याकडे अश्रुग्रंथी असते. डोळा ओला राहावा म्हणून एरवीही अश्रू पाझरतच असतात, पण एका वेळी डोळ्यावर असणारे पाणी सात ते दहा मायक्रोलिटर, म्हणजे साध्या थेंबाचा पाचवा-सहावा हिस्साच असते. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात दोन बारीक छिद्रे आहेत. जास्तीचे पाणी तिथून नाकात उतरते. म्हणून रडणारा माणूस आधी नाक ओढतो आणि ‘सर्दी झालीय’ असे सांगून वेळ मारून नेऊ शकतो. दुसऱ्या प्रकारचे अश्रू धूर, धूळ आणि कांदा यांनी येतात. मांडवात होमाचा धूर असतोच, त्यामुळे पुरुषमंडळींची मोठी सोय होते. कोणी विचारलेच तर बोट भटजींकडे दाखवायचे. तिसरा प्रकार भावनेच्या अश्रूंचा. त्यांचा हुकूम मेंदूकडून सुटतो आणि तो ग्रंथीपर्यंत मुख्यतः परानुकंपी चेतासंस्थेमार्फत पोहोचतो. शरीराला धावपळीला, भांडणाला, पळून जायला तयार करते ती अनुकंपी चेतासंस्था. ही परानुकंपी म्हणजे विसाव्याची बाजू. जेवण पचवणे, छातीचे ठोके मंद करणे, अंग सैल सोडणे ही तिची कामे. रडण्याच्या पाण्याची चावी या विसाव्याच्या खात्याकडे असावी, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हकिकतीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता लग्नाचा दिवस सकाळपासून पाहू. निरीक्षणासाठी सर्वांत चांगली व्यक्ती म्हणजे नवरीची आई. आदल्या रात्री हळद झालेली असते आणि ती झोपलेली नसते. कमरेला कपाटाच्या किल्ल्या, हातात आहेराच्या साड्यांची यादी, डोक्यात मानपान. सकाळी नऊ वाजता कळते, की नवऱ्या मुलाच्या चुलत्याला बांधायचा फेटा करवल्याच्या डोक्यावर गेला आहे. दहा वाजता कळते, की रुखवतातल्या शंकरपाळ्यांच्या मंदिराचा कळस टेम्पोत मोडला. या काळात तिच्या चेहऱ्यावर अश्रूंचा मागमूस नसतो. कोणी जवळ येऊन ‘आता पोरगी जाणार गं तुझी’ असे म्हटलेच, तर ती त्या बाईकडे ‘हिला काही कामधंदा नाही का’ अशा नजरेने पाहते आणि नारळ मोजायला जाते.

मुहूर्त बारा पस्तीसचा असतो. पत्रिकेवर तसे छापलेले असते आणि त्यावर विश्वास ठेवणारा पाहुणा परजिल्ह्यातला समजावा. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात मंगलाष्टकांच्या आधी मान्यवरांचे शुभाशीर्वाद असतात. आजी-माजी सरपंच, पंचायत समितीचे सदस्य, कारखान्याचे संचालक, दूध संघवाले असे एकेक जण माईक हाती घेतात. नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून उभी आणि निवेदक सांगत असतो, की साहेबांची गाडी नसरापूर फाट्यावर आली आहे, तरी सर्वांनी पाचच मिनिटे सहकार्य करावे. नवरीच्या बापाचे लक्ष भाषणात नसते. त्याने हजार माणसांचे जेवण सांगितलेले असते आणि खुर्च्यांच्या रांगा पाहून त्याच्या मनात आकडा तेराशेकडे सरकत असतो. मग अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके होतात, अक्षता पडतात, बँड वाजतो. काही घरांत मंगलाष्टके चालू असताना नवरीची आई तुळशीला पाणी घालत असते, म्हणजे ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप केला तो ती पाहतही नाही. बापाने पाहिलेला असतो, पण त्याचे डोळे कोरडे. अक्षता पडल्या म्हणजे हजारभर माणूस एकदम जेवायला उठणार, हे त्याला ठाऊक असते.

मग पंगत. इथे लग्नाचा खरा निकाल लागतो. भात इंद्रायणीचा, म्हणून लोक दोनदा मागून घेतात. दुसरे पातेले संपत आलेले, तिसरे अजून चुलीवर, आणि आचारी अशा वेळी नेहमीप्रमाणे तंबाखू मळत असतो. नवरीचा मामा वाढप्यांच्या मागे धावत असतो. वरपक्षाची बायकामंडळी शेवटच्या पंगतीला बसतात, विहीणबाईंच्या ताटात आग्रहाची जिलेबी पडते, त्या ‘पुरे पुरे’ म्हणत खातात. कोणी रुसलेले नाही. कोणी उपाशी उठलेले नाही. मामा घाम पुसत येतो आणि नवरीच्या आईला म्हणतो, “अक्का, समदी जेवली. काय कमी पडलं नाय.”

बाई इथे रडते.

पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते. मुलगी अजून कार्यालयातच आहे, जवळच्या खोलीत मैत्रिणींबरोबर फोटो काढते आहे. ताटातूट व्हायला अजून तासभर अवकाश आहे. मामाने काही हृदय हेलावणारे सांगितलेले नाही. भात पुरला, एवढेच सांगितले. पण ती सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीवर टेकते आणि पदर डोळ्याला लावते. मामा गांगरतो. आपण काही चुकीचे बोललो की काय, म्हणून तो ‘खरंच पुरलं अक्का, थोडा उरलाय बी’ असे सांगतो, तेव्हा तिला आणखी उमाळा येतो.

या गोष्टीची उकल अमेरिकेतल्या जे. एफ्रान आणि टी. स्पँग्लर या दोघांनी 1979 साली मांडली. मोठी माणसे का रडतात हे पाहण्यासाठी त्यांनी हेलन केलर आणि तिच्या शिक्षिकेवरच्या ‘द मिरॅकल वर्कर’ या कलाकृतीचा आधार घेतला. त्यांचे म्हणणे असे, की रडणे दोन टप्प्यांत घडते. आधी ताण चढतो. मग काहीतरी घडते आणि ताण एकदम उतरू लागतो. अश्रू येतात ते या उतरणीवर. आंधळी-बहिरी मुलगी धडपडत असते तोवर प्रेक्षक मुठी आवळून बसतात. तिला पहिला शब्द उमगतो तेव्हा डोळे वाहू लागतात. विसाव्याच्या खात्याकडे चावी आहे म्हटले ते इथे जुळते. माणूस झुंजत असतो तोवर त्या खात्याला कामच मिळत नाही. झुंज संपल्याची वर्दी मिळाली की अंग सैल पडते आणि त्याबरोबर पाणीही सुटते. वर्दी कोणत्या शब्दांत आली याला महत्त्व नसते. ‘मुलगी सुखात राहील’ आणि ‘भात पुरला’ ही दोन्ही वाक्ये सारखीच चालतात. लग्नघरात तर दुसरे जास्त भरवशाचे, कारण पहिले अजून सिद्ध व्हायचे असते.

नवरीच्या बापाची पाळी नंतर येते. आधी झाल होते. वेळूच्या दुरडीत कणकेचे दिवे पेटवून ती दुरडी वरमाईच्या, सासऱ्यांच्या, मग दीर-नणंदांच्या डोक्याला लावतात आणि मुलीला सासरच्या मांडीवर बसवून ओटीत घातली म्हणून सांगतात. इथे बायकांमध्ये रडण्याची साथ पसरते. बाप तरीही टिकून असतो, कारण मांडववाला, बँडवाला आणि कार्यालयाचा व्यवस्थापक असे तिघे जण अदबीने, पण नजरेच्या टप्प्यात उभे असतात. तो गाडीत सामान ठेवून घेतो. कपाट, पलंग, मिक्सर, पाण्याची टाकी मोजून घेतो. दोरी दोनदा ओढून पाहतो. मुलगी गळ्यात पडते, तेव्हा तोच तिला ‘गप, गप, रडायचं नाय’ म्हणून समजावतो. ती गाडीत बसते. आणि मग गाडीचा ड्रायव्हर, ज्याला या सगळ्याशी काही देणेघेणे नाही, खिडकीतून डोके काढून विचारतो, “काका, निघू का?”

दिवसभर त्या माणसाला शंभर प्रश्न विचारले गेलेले असतात आणि प्रत्येकाचे उत्तर त्याने दिलेले असते. हार कुठे ठेवायचे, भटजींची दक्षिणा किती, पाण्याचा टँकर दुसरा मागवायचा का. हा शेवटचा प्रश्न. याच्या पुढे त्याला काहीही ठरवायचे उरलेले नाही. तो ‘हं’ म्हणायला तोंड उघडतो आणि ‘हं’ बाहेरच येत नाही. घशाशी काहीतरी अडकते ते असे: भावनेच्या भरात शरीर जास्त हवा घेण्यासाठी श्वासनलिकेचे दार उघडे धरून ठेवते आणि माणूस मात्र आवंढा गिळून ते मिटू पाहतो. त्या ओढाताणीचा तो गोळा. बाप हाताने ‘जा’ अशी खूण करतो आणि मांडवाच्या खांबाला धरून, फेट्याच्या शेमल्यात तोंड खुपसून रडतो. मांडववाला तेवढा वेळ हिशेबाची वही बगलेत धरून दुसरीकडे पाहतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. यात आनंदाचा काय संबंध? लेक चालली, म्हणून बाप रडला. हे सरळ दुःख आहे. पूर्वीपुरते ते बरेचसे खरे होते. पावसाळ्यात कानंदी, गुंजवणी, नीरा या नद्या भरल्या की पलीकडच्या खोऱ्यात दिलेल्या मुलीची खबरबात महिना महिना लागत नसे. घाटमाथ्याजवळच्या गावी दिलेली लेक पंचमीला माहेरी येईल की नाही, हे पावसावर अवलंबून असे. त्या काळच्या आईचे रडणे समजावून सांगायला कोणत्याही शास्त्राची गरज नाही. पण आता मुलगी धनकवडीला किंवा कात्रजला नांदायला जाते. गाडी खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडण्याआधी तिचा व्हिडिओ कॉल येतो, ‘आई, जेवलीस का तू?’ तिसऱ्या दिवशी ती मांडवपरतणीला परत दारात हजर. ताटातूट इतकी स्वस्त झाली, तर रडणेही त्या मानाने कमी व्हायला हवे होते. तसे काही झालेले दिसत नाही. एवढेच नव्हे, तर गावातल्या गावात, दोन आळ्या सोडून दिलेल्या मुलीच्या पाठवणीलाही तेवढेच रडतात, आणि नवऱ्या मुलाची आत्या, जिच्या घरात एक माणूस वाढलेच आहे, तीही त्यात असते. तेव्हा विरहाचा वाटा मान्य करूनही असे म्हणावे लागते, की विरह रडण्याला विषय पुरवतो. रडण्याची वेळ मात्र सुटकेचा निःश्वास ठरवतो.

भेटीच्या वेळचे रडणे हा याचाच आणखी स्पष्ट नमुना, कारण तिथे विरह संपलेला असतो. चार्ल्स डार्विनने 1872 च्या आपल्या भावनांवरच्या ग्रंथात दीर्घकाळाने भेटणाऱ्या जिवलगांच्या डोळ्यांत पाणी येते याची दखल घेतली आणि भेट झालीच नसती तर झाले असते त्या दुःखाचा पुसटसा विचार त्यात मिसळलेला असावा असे सुचवले. या परिसराला त्यासाठी इंग्लंडात जाण्याची गरज नाही. वेल्हे तालुक्यातल्या राजगडावरून 1666 च्या मार्चमध्ये शिवाजी महाराज आग्र्याला गेले, तिथे नजरकैदेत पडले आणि ऑगस्टमध्ये निसटले. मागे राज्याचा कारभार जिजाऊसाहेबांनी सांभाळला. महाराज बैराग्याच्या वेशात गडावर आले, आईने आधी ओळखले नाही आणि पायांवर डोके ठेवल्यावर ओळख पटली, ही कथा गडावर जाणाऱ्या प्रत्येक सहलीतल्या मुलांना ऐकवली जाते. ती घडली तशीच घडली का, हा इतिहासकारांचा प्रश्न. भोर तालुक्यातल्या कारीच्या जेध्यांच्या शकावलीत महाराज राजगडी परतल्याची नोंद आहे, अश्रूंची नाही. शकावलीकार कामापुरते लिहीत. पण कथा सांगणारा प्रत्येक जण आईच्या डोळ्यांत पाणी आणतो ते ओळख पटल्यानंतर, आणि ऐकणाऱ्या कोणालाही ते खटकत नाही. कैदेची बातमी आली तेव्हा ती माऊली रडली असे कोणी सांगत नाही. तेव्हा राज्य सांभाळायचे होते.

जोसेफ वाइस या अमेरिकन मनोविश्लेषकाने 1952 साली सुखान्त सिनेमाच्या शेवटी रडणाऱ्या प्रेक्षकांवर लिहिताना हेच सांगितले. संकट चालू असताना रडणे परवडत नाही, म्हणून माणूस ते दाबून ठेवतो; आता धोका नाही अशी खात्री पटली की ते दाबलेले सुरक्षितपणे बाहेर येते. म्हणजे भेटीच्या वेळी वाहणारे पाणी त्या क्षणाचे नसतेच. ते मागच्या तारखेचे असते, फक्त त्या दिवशी वटते.

अलीकडे भोरकडे दहावीच्या जुन्या तुकड्यांचे स्नेहमेळावे फार वाढले आहेत. पंचवीस-तीस वर्षांनी व्हॉट्सॲपवर गट होतो, महिनाभर ‘सुप्रभात’ची फुले पाठवली जातात आणि मग एका रविवारी सगळे शाळेत जमतात. पहिला अर्धा तास कोणीही रडत नाही. तो अर्धा तास एकमेकांची पोटे आणि टक्कल पाहण्यात आणि कोण काय कमावतो याचा अंदाज घेण्यात जातो. अंगावर कडक इस्त्री आणि चेहऱ्यावरही. मग वयोवृद्ध सर हजेरीपट उघडतात, नावे वाचू लागतात, आणि पन्नाशीला टेकलेला एक ट्रान्सपोर्टचा मालक, ज्याच्यापुढे चाळीस ड्रायव्हर चळचळा कापतात, आपल्या नावाला ‘हजर सर’ म्हणता म्हणता थांबतो. इथे कोणते संकट टळले? मोठे नाही, पण एक टळले: आपण इथे कोणी लागतो का, ही शंका. इतक्या वर्षांनी यादीत आपले नाव आहे आणि कोणीतरी ते हाक मारून वाचते आहे, याने ती फिटते. ॲलन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भावनेवर बरेच संशोधन केले आहे. आपलेपणा एकाएकी दाट झाला की छातीत ऊब येते, अंगावर काटा येतो, डोळे भरतात, असे ते सांगतात. त्यांनी या भावनेला दिलेले संस्कृत नाव मराठी कानाला जरा विचित्र लागते, म्हणून ते इथे सोडून दिलेले बरे.

निरोप समारंभात सुटका आणि आपलेपणा या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. वेल्ह्याच्या दुर्गम वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींची बदली झाली, की गाव लोटते. गुरुजींना स्वतःला ही बदली हवी होती. त्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, नवी शाळा घराजवळची, रस्त्यावरची आहे. म्हणजे ते आनंदात आहेत. शाल, श्रीफळ, सत्कार, तीन भाषणे होतात, तोवर ते हसतमुख. भाषणांनी सहसा कोणाला रडू येत नाही, जांभई येते. मग दुसरीतली एक मुलगी पुढे येते आणि घरून आणलेली करवंदांची पुडी त्यांच्या हातात ठेवते. गुरुजींचे भाषण तिथेच संपते. ही पुडी काय करते, तर इतकी वर्षे पावसात, विजेशिवाय, दोन इयत्ता एका खोलीत बसवून केलेले काम पोहोचले याची पावती देते. अशी पावती वरिष्ठ कार्यालयातून येत नाही.

आता उरतो मूळ प्रश्न. एवढे सगळे आनंदाचे, तर शरीर हसून का मोकळे होत नाही, दुःखाचेच हत्यार का उचलते? येल विद्यापीठातल्या ओरियाना अरागॉन आणि सहकाऱ्यांनी 2015 साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले, की जी माणसे आनंदात रडतात तीच गुटगुटीत बाळ पाहून त्याचा गाल चिमटायला धावतात. मराठी घरात हे वेगळे सांगायला नको. बाळाचा गालगुच्चा घेऊन ‘खाऊ का तुला?’ असे विचारणारी आत्या आणि पाठवणीला सर्वांत मोठा हंबरडा फोडणारी आत्या बहुधा एकच असते. भावना फार जोरात उसळली, की उलट दिशेची खूण करून माणूस स्वतःला जागेवर आणतो, असा त्या अभ्यासाचा अंदाज. बाळांचे फोटो पाहताना दात-ओठ खाणारी मंडळी थोड्या वेळाने इतरांपेक्षा लवकर शांत झालेली आढळली. विषारी द्रव्ये अश्रूंवाटे निघून जातात म्हणून हलके वाटते, ही लोकप्रिय समजूत मात्र कोणी सिद्ध केलेली नाही. थेंबभर पाण्यातून फारसे काही बाहेर टाकता येणारही नाही. त्यासाठी मूत्रपिंडे आहेत.

शिवाय रडणे हे दुसऱ्यांसाठी असते. रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी 2009 साली रडणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांतून फक्त अश्रू पुसून टाकले. लोकांना ते चेहरे कमी दुःखी वाटले, आणि काहींवर तर नेमका कोणता भाव आहे हेच कळेना. म्हणजे चेहऱ्याच्या वेडावाकडेपणापेक्षा पाणी जास्त बोलते. ते दिसले की भोवतालची माणसे जवळ येतात, पाठीवर हात ठेवतात, पाण्याचा तांब्या आणतात. लग्नात हे उपयोगी पडते. विहिणीने सकाळी फेट्यावरून तोंड फुगवलेले असते, पाठवणीला नवरीची आई रडू लागली की तीच पुढे होऊन म्हणते, “लेकीसारखी सांभाळीन, काळजी करू नका.” तेवढे बोलून झाल्यावर फेट्याचा विषय पुन्हा काढता येत नाही. नवरीच्या बाजूचा हा फायदा आहे, मग तो कोणी हेतूने मिळवला नसला तरी.

खोटे रडणेही मांडवात असते. ते ओळखायचे तर कॅमेऱ्याकडे पाहावे. व्हिडिओ शूटिंगवाला दिवा रोखून ‘ताई, पुन्हा एकदा गळ्यात पडा’ म्हणतो, तेव्हा पुन्हा एकदा पडता येते, पण पाणी पुन्हा येत नाही. आवाज मोठा, नाक कोरडे, हे दुसरे लक्षण. खऱ्या रडण्याला आवाज कमी आणि नाक जास्त लागते. पण न रडणाऱ्याला कठोर ठरवू नये. काहींची उतरण उशिरा येते. असा बाप चौथ्या दिवशी, मांडवाचे बांबू परत गेल्यावर, मुलीच्या जुन्या चपला दाराशी पाहून बसकण मारतो. आणि एक इशारा: अर्धांगवायूनंतर किंवा मेंदूच्या काही आजारांत माणसाला कारण नसताना एकाएकी रडू फुटते, मनात तशी भावना नसते आणि थांबवू म्हटले तरी थांबत नाही. ते आनंदाश्रू नव्हेत. त्यावर उपचार आहेत आणि तिथे तांब्या घेऊन धावण्याऐवजी डॉक्टर गाठावा.

बाकी रडणे चार-दहा मिनिटांत आपले आपण आवरते. तेवढ्या वेळात ‘आनंदाच्या प्रसंगी रडताय काय?’ असे विचारायला कोणी जाऊ नये, कारण त्याने रडणारा पुन्हा उत्तर देण्याच्या कामाला लागतो. पाणी द्यावे, खुर्ची द्यावी, आणि मांडववाल्याला म्हणावे, हिशेब उद्या.